आठ सेकंदांची मिरवणूक

ही पुस्तिका एकाच प्रॉम्प्टविषयी आहे. संगणकाकडून चित्र किंवा चलचित्र तयार करून घेताना जो मजकूर लिहून द्यावा लागतो, त्याला आता मराठीतही सगळे प्रॉम्प्टच म्हणतात. इथला प्रॉम्प्ट पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतल्या ढोल-ताशा पथकाचा आहे. त्यात वादक आहेत, उधळलेला गुलाल आहे आणि भोवतीची हलती गर्दी आहे. तयार व्हायची आहे ती आठ सेकंदांची चलचित्रफीत. पुढच्या पानांवर या प्रसंगाचे मसुदे क्रमाने दिले आहेत आणि प्रत्येक मसुद्यात काय बदललं व का बदललं, तेही सांगितलं आहे. शेवटच्या मसुद्यातली वाक्यं मिरवणुकीतल्या कुठल्या गोष्टींवरून ठरली, हे सांगणं एवढंच या प्रस्तावनेचं काम.

हा प्रसंग निवडण्याची कारणं दोन. दर भाद्रपदात मंडळांचे कार्यकर्ते निमंत्रणासाठी, फलकासाठी, रीलसाठी याच दृश्याची मागणी करतात, हे एक कारण. दुसरं असं की चित्र तयार करणाऱ्या यंत्राला ज्या तीन गोष्टी अवघड जातात, त्या तिन्ही इथे एकत्र येतात: हाताचा आणि वस्तूचा पुन्हा पुन्हा होणारा नेमका स्पर्श, हवेत पसरणारी भुकटी, आणि शेकडो माणसं. यांतली एक जरी सैल सुटली तरी पुण्यातला माणूस पहिल्या सेकंदाला म्हणतो, ‘हे आपल्याकडचं नाही.’

‘गणेशोत्सवातली ढोल-ताशा मिरवणूक, गुलाल, प्रचंड गर्दी, भव्य आणि उत्साही वातावरण’ एवढंच लिहिलं तर काय मिळतं, ते पाहू. ढोल गळ्यातल्या पट्ट्याने खांद्यावरून लटकलेला आणि वादकाच्या दोन्ही हातांत काठ्या. हवेत लाल, निळे, हिरवे, पिवळे ढग. सगळे चेहरे कॅमेऱ्याकडे वळून हसणारे. मागे आकाशाला टेकलेली मूर्ती, आणि दुपार असो की रात्र, सगळ्यावर सोनेरी प्रकाश. हे दृश्य चुकीचं आहे असं म्हणण्यापेक्षा ते सरासरीचं आहे असं म्हणावं. यंत्र शिकतं ते इंटरनेटवरच्या चित्रांवरून आणि त्या चित्रांखाली लिहिलेल्या ओळींवरून. २०२२ साली खुल्या झालेल्या स्टेबल डिफ्युजनच्या शिक्षणासाठी ज्या लायन-५बी नावाच्या साठ्यातून चित्रं घेतली गेली, त्यात सुमारे ५८५ कोटी चित्र-ओळींच्या जोड्या होत्या, आणि त्यांतल्या सुमारे २३२ कोटी इंग्रजी ओळींच्या होत्या. इंग्रजी ओळीत ‘ढोल’ आला की त्याच्याबरोबर बहुधा भांगड्याचा ढोल येतो, आणि भारतीय सण व रंगीत भुकटी म्हटलं की धुळवड येते. आपण विशेषणं वाढवत गेलो तर यंत्र या सरासरीकडेच आणखी झुकतं. ‘भव्य’ आणि ‘उत्साही’ या गोष्टी कॅमेऱ्याला दिसत नाहीत. त्याला माणसं कुठे उभी आहेत, हात कुठे आहेत आणि उजेड कुठून येतो, एवढंच दिसतं.

म्हणून पहिला निर्णय शब्दांचा न घेता जागेचा घ्यावा. मानाच्या गणपतींची मिरवणूक सकाळी मंडईतल्या लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापासून निघते, बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागते आणि अलका टॉकीजच्या चौकाकडे सरकते. लक्ष्मी रस्ता ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहे आणि मिरवणूक पश्चिमेकडे जाते. अनंत चतुर्दशी बहुतेक वर्षी सप्टेंबरात येते. त्या महिन्यात सूर्य जवळजवळ ठीक पश्चिमेला मावळतो, त्यामुळे ऊन असलंच तर दुपारी पाचच्या सुमाराला ते रस्त्याच्या तोंडातून सरळ आत येतं. दोन्ही बाजूंच्या इमारतींनी ते अडत नाही.

इथे कॅमेऱ्याचं तोंड कुठे, यावर अर्धं चित्र ठरतं. पूर्वेकडे तोंड केलं तर समोरून येणाऱ्या पथकाच्या चेहऱ्यांवर ऊन असतं, चेहरे स्पष्ट दिसतात आणि गुलाल मात्र मळकट, चपटा दिसतो. पश्चिमेकडे तोंड केलं तर माणसं थोडी काळवंडतात, पण हवेतल्या भुकटीच्या मागून उजेड येतो. बारीक कण उजेड मुख्यतः पुढच्या दिशेला विखुरतात, म्हणून गुलालाचा ढग मागून उजळला की आतून पेटल्यासारखा दिसतो. आपल्या प्रसंगात गुलाल महत्त्वाचा, म्हणून कॅमेरा पश्चिमेकडे. मात्र पथक पश्चिमेकडे चालत असेल तर फक्त पाठी दिसतील. त्यावर उपाय मिरवणुकीतच आहे. चौकात पथक थांबून वाजवतं तेव्हा ढोलवादकांच्या समोरासमोर दोन रांगा, मध्ये मोकळा पट्टा आणि त्या पट्ट्यात ताशावाले व ध्वज घेतलेले, ही एक नेहमीची मांडणी. कॅमेरा त्या मोकळ्या पट्ट्याच्या पूर्व टोकाला छातीच्या उंचीवर ठेवला की दोन्ही रांगा बाजूने दिसतात आणि ढग त्यांच्या मधोमध येतो.

दुसरा निर्णय हातांचा. पुण्याच्या पथकातला ढोल सुती पट्ट्याने कमरेला घट्ट बांधलेला असतो, पोटापुढे आडवा. उजव्या बाजूच्या पानावर टिपरू पडतं आणि डाव्या बाजूच्या पानावर मोकळा तळवा, म्हणजे थापी. काठी एकच. यंत्राला हे नावाने कळत नाही, वर्णनाने कळतं. म्हणून ‘पुणेरी ढोल’ म्हणून न थांबता ‘कमरेला बांधलेला, आडवा, दोन तोंडांचा मोठा ढोल, उजव्या हातात एक जाड काठी, डावा हात रिकामा, तळवा पानावर’ असं लिहायचं. एवढ्याने भांगड्याचा ढोल बराचसा दूर जातो.

पण समोरासमोरच्या रांगांत एक गोष्ट आपोआप चुकते, आणि ती ओळखायची सोपी रीत आहे. कॅमेरा पश्चिमेकडे पाहतो आहे, म्हणजे चित्रात डावीकडे दक्षिण आणि उजवीकडे उत्तर. डावीकडच्या रांगेतला वादक उत्तरेकडे तोंड करून उभा आहे. त्याचा उजवा हात पूर्वेला, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला येतो. त्याचं टिपरू आपल्याला जवळ दिसतं. उजवीकडच्या रांगेतला वादक दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्याचा उजवा हात पश्चिमेला जातो आणि कॅमेऱ्याजवळ येते ती त्याची थापी. म्हणजे खऱ्या मिरवणुकीत एका बाजूला टिपरांची रांग दिसते आणि दुसऱ्या बाजूला तळव्यांची. यंत्राची ओढ मात्र सममितीकडे असते. ते एक रांग तयार करून दुसरी तिचं आरशातलं प्रतिबिंब म्हणून उभी करतं, आणि दोन्हीकडे टिपरं जवळ येतात. उजवी रांग सगळीच डावखुरी निघाली, एवढाच याचा अर्थ. पथकात वाजवलेल्या माणसाला हे लगेच खटकतं; इतरांना काहीतरी बिनसलंय एवढंच जाणवतं. म्हणून दोन्ही रांगांचे हात मसुद्यात वेगवेगळे सांगितले आहेत.

तिसरा निर्णय वेळेचा. फीत सेकंदाला २४ चौकटींची धरली तर आठ सेकंदांत १९२ चौकटी होतात. ढोलाचे सेकंदाला दोन ठोके धरू. मग आठ सेकंदांत १६ ठोके आणि दर ठोक्याला १२ चौकटी. यात टिपरू वर जाताना दिसतं, क्षणभर थांबतं, खाली येताना थोडं पुसट होतं आणि पानाला लागतं तेव्हा पान थरथरतं. हे सगळं डोळ्याला दिसू शकतं, म्हणून ते सांगण्यात अर्थ आहे. ताशाचं तसं नाही. ताशा गळ्यात अडकवलेला असतो, उथळ आणि धातूच्या कुंडीसारखा, पान वर केलेलं. दोन बारीक काड्यांनी तर्री वाजते तेव्हा सेकंदाला दहा-बारा आघात सहज पडतात, म्हणजे एका आघाताच्या वाट्याला दोनच चौकटी. कॅमेऱ्यात काड्या दिसतच नाहीत. पंख्यासारखी पुसट पात दिसते. यंत्राकडे ‘स्पष्ट, रेखीव ताशावादक’ मागितला तर त्या काड्या थांबल्यासारख्या दिसतात आणि ताशा मुका वाटतो. म्हणून मसुद्यात ताशाच्या काड्या पुसट आणि ढोलाची टिपरं स्पष्ट, असा फरक मुद्दाम मागितला आहे.

सगळ्या वादकांचे हात किती एकत्र हलावेत, हाही वेळेचाच प्रश्न. ताशा पुढचा हात सांगतो आणि ढोल तो उचलतात. पथकाच्या बोलीत हात म्हणजे ठेक्याची एक बांधणी. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कॅमेऱ्याजवळच्या दहा-बारा मीटरच्या रांगेत त्याला लागणारा वेळ एका चौकटीहूनही कमी आहे. तिथे फरक दिसला तर तो माणसांचा असेल. कुणाचा कोपर उंच, कुणाची मान खाली. पण रांग मागे ३४ मीटरपर्यंत गेली असेल तर ताशाचा आवाज तिथे सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोहोचतो, म्हणजे दोन चौकटींहून जास्त. मोठ्या पथकात मागचे वादक नजर ताशावाल्यावर ठेवतात ते यासाठीही. दूरवरची टिपरं जवळच्या टिपरांबरोबर चौकटीला चौकट जुळली तर दृश्य कवायतीसारखं दिसतं. ‘मागच्या रांगा किंचित मागे’ एवढे चार शब्द त्यावर पुरतात.

आता गुलाल. गणपतीच्या मिरवणुकीतला गुलाल एकरंगी असतो, गडद गुलाबी. मानाचा तिसरा गुरुजी तालीम गणपती गुलालाच्या उधळणीसाठी ओळखला जातो, आणि त्याच्या मागेपुढे चालणाऱ्या माणसांवर दुसरा रंग शोधून सापडत नाही. मसुद्यात ‘रंग’ हा शब्द आला की यंत्र धुळवडीचे सगळे रंग काढतं. ‘पिवळा’ आला की दृश्य जेजुरीच्या भंडाऱ्याकडे सरकतं. म्हणून एकच रंग, एकदाच, नावानिशी लिहायचा, आणि ‘रंगीबेरंगी’ हा शब्द पूर्ण टाळायचा. ‘निळा-हिरवा रंग नको’ असं मुख्य मजकुरात लिहून पुष्कळदा उलटंच होतं. ज्या गोष्टीचं नाव आलं ती गोष्ट येते, पुढचा ‘नको’ वाहून जातो. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो. त्या गोष्टी तिथे लिहाव्यात, नकाराशिवाय, नुसत्या नावांनी.

गुलाल कसा उडतो, हे सांगणं रंग सांगण्याइतकंच महत्त्वाचं आहे. मुठीतून सुटताना तो गोळा असतो. डोक्याच्या वर तो फुटतो. जड कण सेकंदा-दोन सेकंदांत खाली येतात आणि बारीक कण हवेच्या ओढीने एका बाजूला सरकत राहतात. म्हणजे आठ सेकंदांत एका उधळणीचा पूर्ण प्रवास बसतो. दुसरी मागितली तर दोन्ही अर्धवट राहतात आणि सगळी फीत गुलाबी धुक्यात जाते. आमच्या मसुद्यात दुसऱ्या सेकंदाला एक उधळण आहे, बाकी वेळ तिचंच विरणं. जमिनीवरचा गुलालही विसरायचा नाही. पाऊस पडून गेलेल्या डांबरावर तो कोरडा राहत नाही, गडद डाग होऊन पसरतो. फेट्याच्या घड्यांत, भुवयांत, झब्ब्याच्या खांद्यांवर तो साचतो आणि घामाच्या ओघळांनी त्यात रेघा पडतात. ढोलाचं पान उभं असल्यामुळे त्यावर गुलाल फारसा टिकत नाही. तळवा पडतो तिथला भाग पुसला जातो आणि कडेला गुलाबी कडं राहतं. ताशाचं पान वर असल्यामुळे त्यावर पडलेली भुकटी प्रत्येक आघाताबरोबर उडते. जवळून घेतलेल्या दृश्यात ताशाची तर्री डोळ्यांना दाखवायची ही उत्तम जागा आहे. ते दृश्य वेगळ्या मसुद्यात दिलं आहे.

गर्दी लिहिताना सगळ्यात मोठी गफलत ‘गर्दी’ या एकाच नामाने होते. ‘पुढे सरकणारी प्रचंड गर्दी’ असं सांगितलं की सगळी माणसं एकाच वेगाने एकाच दिशेला चालू लागतात आणि मिरवणुकीचा मोर्चा होतो. खऱ्या लक्ष्मी रस्त्यावर निदान चार वेगवेगळ्या गर्द्या असतात. पथकाभोवती दोर धरून उभे असलेले कार्यकर्ते. ते पाठीने मागच्या लोकांना थोपवतात, त्यामुळे त्यांची शरीरं मागे रेललेली असतात आणि दोर ताठ दिसतो. दोराबाहेर पदपथावर दाटीने उभे असलेले लोक. त्यांचे पाय हलत नाहीत, माना आणि फोन धरलेले हात हलतात. वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्यांत वाकून पाहणारे. त्यांची हालचाल सगळ्यात कमी. आणि पथकाच्या पुढे, आधीच्या मंडळाच्या रथामागे हळूहळू सरकणारे लोक. हलणारी गर्दी म्हणायची ती हीच, आणि तीही थांबत थांबत सरकते. चौघांना चार क्रियापदं दिली की यंत्राला प्रत्येकाचं काम वेगळं कळतं. एका क्रियापदात चौघांना बसवलं की सगळे वाहू लागतात.

आता शेवटचा मसुदा इथेच देतो, म्हणजे वरचे निर्णय त्यात कुठे उतरले ते पडताळून पाहता येईल.

‘पुण्यातला लक्ष्मी रस्ता, सप्टेंबर, दुपारी पाच, नुकताच पाऊस थांबलेला, डांबर ओलं. स्थिर कॅमेरा रस्त्याच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, तोंड पश्चिमेकडे; समोरून तिरपं ऊन. पांढरे झब्बे आणि भगवे फेटे घातलेल्या स्त्री-पुरुष ढोलवादकांच्या दोन रांगा समोरासमोर, प्रत्येकी सहा जण, बाजूने दिसणाऱ्या. ढोल मोठा, आडवा, सुती पट्ट्याने कमरेला बांधलेला. डाव्या रांगेत कॅमेऱ्याकडचा हात जाड काठीने पानावर मारतो. उजव्या रांगेत कॅमेऱ्याकडचा हात मोकळा, तळवा पानावर पडतो. ठोके सेकंदाला दोन, काठी पानाला लागताना स्पष्ट दिसते, मागच्या रांगा किंचित मागे. मधल्या पट्ट्यात दोन ताशावादक, गळ्यात उथळ धातूचा ताशा, काड्या वेगाने पुसट झालेल्या. दुसऱ्या सेकंदाला एक माणूस मूठभर गडद गुलाबी गुलाल वर फेकतो. तो डोक्यावर फुटतो, मागून उजळतो आणि डावीकडे विरत जातो. दोर धरलेले कार्यकर्ते मागे रेललेले. पदपथावरचे लोक उभे, फोन वर. गॅलऱ्यांतले लोक वाकून पाहतात. दूरवर, धूसर, सजवलेल्या रथामागचे लोक हळू सरकतात. सगळ्यांच्या नजरा वादनाकडे. कोरे भगवे ध्वज.’

हा मजकूर नव्या साधनांना मराठीतही बऱ्यापैकी कळतो, कारण त्यांत मजकूर समजून घेण्यासाठी अनेक भाषा शिकलेली मोठी भाषा-प्रारूपं असतात. जुन्या साधनांत तो इंग्रजीतच द्यावा लागतो आणि शिवाय छाटावा लागतो. स्टेबल डिफ्युजनच्या पहिल्या आवृत्त्या मजकुराचे ७७ तुकडे वाचतात, त्यापुढचं सोडून देतात. हे तुकडे इंग्रजीच्या सोयीने पाडलेले आहेत. ‘मिरवणूक’ हा शब्द संगणकाच्या हिशेबात सात चिन्हांचा आणि २१ बाइटांचा होतो. त्याचे इतके तुकडे पडतात की दहा-बारा मराठी शब्दांत मर्यादा संपू शकते. अशा साधनासाठी मसुदा छाटताना ऋतू, शहर आणि गॅलऱ्या आधी सोडाव्यात. हात, गुलालाचा रंग आणि उजेडाची दिशा शेवटपर्यंत ठेवावी.

मसुदा कितीही नेमका असला तरी तीन गोष्टी त्याच्या हाताबाहेर राहतात. पहिली दूरचे चेहरे. वर सांगितलेल्या जुन्या प्रारूपात चित्र ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचं असतं, पण यंत्र आत काम करतं ते ६४ बाय ६४ घरांवर. एका घरात आठ बाय आठ ठिपके. गॅलरीतल्या माणसाचा चेहरा दहा ठिपक्यांचा असेल तर डोळे, नाक, तोंड हे सगळं जेमतेम एका घरात मावायचं असतं. म्हणून असे चेहरे वितळल्यासारखे दिसतात. कितीही शब्द लिहिले तरी हे सुधारत नाही. एकतर चित्राचा आकार वाढवावा, नाहीतर दूरची माणसं धूसर ठेवावीत. आम्ही धूसर ठेवली आहेत.

दुसरी गोष्ट अक्षरं. फलकावरची, झब्ब्यावरची, ध्वजावरची देवनागरी अजूनही पुष्कळदा मोडकी येते. काने-वेलांट्या भलत्या जागी चिकटतात. मंडळाचं नाव हवंच असेल तर कोरं कापड मागवून नाव नंतर वरून लावावं. म्हणून मसुद्यात ध्वज कोरे आहेत.

तिसरी गोष्ट मूर्ती. सोंड कुठल्या बाजूला वळली आहे, हात किती आणि कुठल्या हातात काय, याला मंडळात आणि घरात अर्थ असतो. यंत्र ते दर वेळी नव्याने ठरवतं आणि चालू फितीतही बदलू शकतं. विशिष्ट मंडळाची मूर्ती तर वर्णनातून कधीच तशीच येत नाही. त्यासाठी मंडळाने दिलेलं छायाचित्र आधार म्हणून जोडावं, किंवा आमच्यासारखी ती चौकटीबाहेर ठेवून फक्त रथ सुचवावा. पथक दाखवायचं असताना मूर्ती चौकटीबाहेर राहिली तर काही बिघडत नाही. पाचव्या हाताची मूर्ती निमंत्रणावर छापली गेली तर बिघडतं.

पुढच्या मसुद्यांत एक शिस्त पाळली आहे: एका वेळी एकच बदल. अनेक साधनांत सुरुवातीचा यादृच्छिक आकडा, म्हणजे सीड, कायम ठेवता येतो. तो न बदलता एकच वाक्य बदललं तर फरक त्या वाक्यामुळे पडला असं म्हणता येतं. सीडही बदलला आणि तीन वाक्यंही बदलली तर चित्र सुधारलं तरी का सुधारलं हे कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

तयार फीत तपासताना ती चालू ठेवून पाहू नये. चौकट-चौकट थांबवून पाहावी. दर बाराव्या चौकटीच्या आसपास टिपरू पानाला लागतं का? बोटं काठीभोवती वळलेली आहेत की काठीत मिसळली आहेत? उजव्या रांगेत कॅमेऱ्याकडचा हात रिकामाच आहे ना? वर गेलेला गुलाल खाली येतो की हवेत गोठून राहतो? पदपथावरचा माणूस सुरुवातीला जिथे होता तिथेच शेवटी आहे का? हे पाच प्रश्न पुरतात. काही साधनं फितीबरोबर आवाजही देतात, पण तो सरसकट ढोलांचा असतो. त्यात तर्री आणि टिपरू वेगळे ऐकू येत नाहीत. सरावाच्या जागी पथकाच्या परवानगीने खरा आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि ठोक्याचा क्षण पाहून तो फितीखाली लावावा.

आणखी एक नियम आम्ही स्वतःला घालून घेतला आहे आणि वाचकांनीही पाळावा असं वाटतं. ही फीत निमंत्रणात किंवा सजावटीत वापरताना ती तयार केलेली आहे हे तिच्यावर लिहावं, आणि ‘यंदाच्या मिरवणुकीतला क्षण’ म्हणून ती कधीही पुढे पाठवू नये. गर्दीच्या दिवशी कुठल्या चौकात किती माणसं आहेत, याविषयीची खोटी दृश्यं बंदोबस्ताला आणि वाट शोधणाऱ्या माणसांना महागात पडू शकतात.

पुस्तिका वापरायची रीत साधी आहे. आधी शेवटचा मसुदा आहे तसा चालवून पाहा, मग आपल्या गावाप्रमाणे बदला. कोल्हापूर, सांगली किंवा नाशिकची मिरवणूक हवी असेल तर नुसतं गावाचं नाव बदलून भागणार नाही. रस्ता कुठल्या दिशेला जातो, दुपारी ऊन कुठून येतं, पथक कसं उभं राहतं, तिथे वाद्यं कोणती आणि ती कुठल्या हाताने वाजतात, हे तिथल्या वादकाला विचारून लिहावं लागेल. आणि पहिली फीत तयार झाली की ती त्याच वादकाला दाखवावी. वर दिलेल्या पाच प्रश्नांत त्याच्या गावचा सहावा प्रश्न तोच सुचवील.